धरणातून पाणी सुटल्याची सूचना सगळ्यांना कळेल अशी कशी लिहायची

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमधल्या प्रत्येक गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना फिरू लागते. बहुतेक जण सरकारी मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवतात. काही जण तो सोपा करायला जातात आणि त्या नादात मूळ अर्थ बिघडवून बसतात. पंचवटीतल्या आमच्या गल्लीसाठी मी गेली काही वर्षं हे काम करतो. माझ्याकडून आणि इतरांकडून ज्या चुका पुन्हा पुन्हा झाल्या, त्यांवरून बसवलेली पद्धत इथे टप्प्याटप्प्याने देतो.

एकच नमुना शेवटपर्यंत वापरू. त्याची भाषा खऱ्या सूचनांसारखी आहे, तारीख आणि आकडे मात्र समजावण्यापुरते घेतले आहेत.

> गंगापूर धरणाच्या पाणलोट क्षेत्रात सुरू असलेल्या संततधार पर्जन्यवृष्टीमुळे धरणाच्या पाणीसाठ्यात लक्षणीय वाढ झाली असून, पाणीपातळी नियंत्रित ठेवण्याच्या अनुषंगाने आज दुपारी ३ वाजेपासून २,००० क्युसेक विसर्गात टप्प्याटप्प्याने वाढ करून सायंकाळी ५ वाजता तो ५,००० क्युसेक करण्यात येणार असल्याने गोदावरी नदीकाठच्या सखल भागातील नागरिक, व्यावसायिक व भाविकांनी नदीपात्रात प्रवेश करू नये तसेच आपले साहित्य, वाहने व पशुधन तत्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतरित करून प्रशासनास सहकार्य करावे.

हे ६३ शब्दांचं एकच वाक्य आहे. माणसाने काय करायचं, ते पंचेचाळिसाव्या शब्दानंतर सुरू होतं.

## १. आधी वाचणाऱ्यांची यादी करा

पेन उचलण्याआधी हा मजकूर कोणाकोणाच्या हातात जाणार, ते कागदावर लिहा. ‘सर्व नागरिक’ असं लिहून उपयोग नाही. आमच्या यादीत रामकुंडाजवळ फुलं विकणाऱ्या मावशी आहेत. त्यांना वाचता येत नाही, नातू वाचून दाखवतो. तो नातू इंग्रजी माध्यमात आहे. भांडी बाजारातले व्यापारी आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या घरात मारवाडी किंवा गुजराती बोलली जाते. नोकरीतून निवृत्त झालेले काका आहेत, त्यांना सरकारी भाषा पाठ आहे. बुधवारच्या बाजाराला खेड्यांवरून येणारे भाजीवाले आहेत. शिवाय त्र्यंबकेश्वर करून गोदाघाटावर आलेले बाहेरगावचे भाविक, ज्यांना हे शहरच माहीत नाही.

आता या यादीतली दोन टोकं निवडा. आमच्यासाठी एका टोकाला मावशींचा नातू आणि दुसऱ्या टोकाला बाहेरगावचा भाविक. नातवाला जड मराठी शब्द अडतात. भाविकाला मराठी येते, पण ‘गंगेवर’ म्हणजे गोदावरीच्या घाटावर, हे त्याला कळत नाही. या दोघांना कळलं की मधल्या सगळ्यांना कळतं. निवृत्त काकांची काळजी करू नका, सोपं वाक्य वाचताना ते अडत नाहीत.

तपासा: यादीतला निदान एक जण मजकूर वाचणारा नसून ऐकणारा आहे का? असेल, तर पुढचं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचूनच पक्कं करायचं.

## २. वाक्याला हात लावण्याआधी गोष्टी सुट्या करा

इथेच सगळ्यात जास्त लोक घाई करतात. लांब वाक्य दिसलं की लगेच कात्री चालवतात. आधी त्यात एकूण किती गोष्टी सांगितल्या आहेत, त्या एकाखाली एक लिहून काढा. आपल्या नमुन्यात मला या सापडल्या:

- धरणाच्या वरच्या भागात खूप पाऊस चालू आहे.
- धरणात पाणी वाढलं आहे.
- दुपारी ३ पासून जास्त पाणी सोडणार.
- आकडे २,००० आणि ५,००० क्युसेक, वेळ संध्याकाळी ५.
- नदीत उतरायचं नाही.
- सामान, गाड्या, जनावरं लगेच हलवायची.

असं सुटं केल्यावर मुळातलीच एक संदिग्ध जागा उघडी पडते. ‘आज दुपारी ३ वाजेपासून २,००० क्युसेक विसर्गात वाढ करून’ याचे दोन अर्थ होतात. एक, २,००० क्युसेक पाणी आधीच सुरू आहे आणि ते ३ वाजल्यापासून वाढणार. दुसरा, ३ वाजल्यापासून २,००० ने वाढवणार. लांब वाक्यात ही संदिग्धता लपून राहते. सोपं वाक्य लिहायला घेतलं की तुम्हाला एक बाजू घ्यावीच लागते.

सावधान: ती बाजू अंदाजाने घेऊ नका. आधीची सूचना उघडून बघा, त्यात सध्याचा आकडा असतो. नाहीच सापडला, तर आकडा गाळा आणि ‘दुपारी ३ पासून जास्त पाणी सोडणार आहेत’ एवढंच लिहा. आपल्या नमुन्यात २,००० आधीच सुरू आहे असं धरून पुढे जाऊ.

त्यानंतर क्रम लावा. सरकारी मजकूर कारणापासून सुरू होतो आणि कृतीवर संपतो. घाटावर गाडी लावलेल्या माणसाला कृती आधी हवी. काय होणार, कधी होणार, मी काय करायचं, हे वर. का होणार, ते खाली.

## ३. वाक्य तोडा, पण योग्य सांध्यावर

मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे वाचणारा सुरुवातीचे सगळे शब्द डोक्यात धरून क्रियापदाची वाट बघत बसतो. आठ-दहा शब्द धरता येतात. तीस धरता येत नाहीत, मग तो मधलं सोडून देतो. म्हणून लांबी मोजायची ती एका पूर्ण क्रियापदापासून पुढच्यापर्यंत. मी स्वतःसाठी १२ शब्दांची मर्यादा ठेवली आहे. एखादं वाक्य १५ पर्यंत गेलं तर चालतं, दोन सलग गेली तर एक तोडतो.

ही मोजणी डोळ्यांनी करू नका, बोट ठेवून करा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून शब्द कमी दिसूनही वाक्य जड असू शकतं. ‘नदीकाठच्यांनीसुद्धा’ हा मोजायला एक शब्द, पण ऐकताना तीन. असा शब्द आला की तो सोडवून लिहा: ‘नदीकाठी राहणाऱ्या लोकांनी सुद्धा’. शब्द वाढले तरी वाचणं हलकं होतं.

आता तोडायचं कुठे? आपल्या लांब वाक्याला चार प्रकारचे सांधे आहेत आणि प्रत्येकाची वागणूक वेगळी आहे.

‘असून’ आणि ‘तसेच’ इथे बिनधास्त तोडा. दोन्ही बाजूंच्या गोष्टी स्वतंत्र आहेत. ‘वाढ झाली असून’ ऐवजी ‘वाढ झाली आहे.’ आणि पूर्णविराम.

‘असल्याने’, ‘मुळे’ इथे तोडा, पण नवं वाक्य ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’ने सुरू करा. हा जोडशब्द गाळला तर कारण आणि परिणाम सुटे पडतात. ‘खूप पाऊस चालू आहे. धरणातून पाणी सोडणार आहेत.’ अशा दोन ओळी वाचून लहान मुलाला त्या दोन वेगळ्या बातम्या वाटतात.

‘करून’, ‘उचलून’, ‘घेऊन’ इथे आधी विचार करा. दोन क्रिया मिळून एकच काम होत असेल तर तोडू नका. ‘सामान उचलून वर न्या’ हे सहज कळतं. ‘सामान उचला. वर न्या.’ असं केलं तर वाक्य लहान होतं, पण ऐकणारा ‘वर काय न्यायचं?’ म्हणून थांबतो. उलट ‘टप्प्याटप्प्याने वाढ करून ५ वाजता ५,००० करण्यात येणार’ यात दोन वेळा आणि दोन अवस्था आहेत, तिथे तोडायलाच हवं.

‘असलेल्या’, ‘येणाऱ्या’, ‘भागातील’ ही विशेषणं नामाच्या आधी रांग लावून उभी राहतात. रांगेत एकच ठेवा. ‘पाणलोट क्षेत्रात सुरू असलेल्या संततधार पर्जन्यवृष्टीमुळे’ याऐवजी ‘वरच्या भागात सतत पाऊस चालू आहे.’

माझी सर्वात वाईट चूक याच टप्प्यावर झाली. लांब वाक्याला वैतागून मी एकदा तारेसारखा मजकूर पाठवला: ‘आज दुपारी ३ वाजता पाणी सोडणार. सामान हलवा.’ सहा शब्द, दोन शब्द. मला तो अगदी सोपा वाटला होता. आमच्याकडे ‘पाणी सोडणार’ म्हणजे नळाला पाणी येणार. घाटाजवळच्या दोन घरांतल्या आजींनी बादल्या, पिंप रिकामं करून नळाखाली लावलं आणि ‘सामान हलवा’ हे मोरीतल्या सामानाबद्दल असेल असं धरलं. त्यांची नात संध्याकाळी कामावरून आली तेव्हा कुठे त्यांना खरा अर्थ कळला. सुदैवाने पाणी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलं नाही. मी मात्र तेव्हापासून कुठलं पाणी, कुठून, कुठे, हे तिन्ही शब्द लिहिल्याशिवाय मजकूर पाठवत नाही.

तपासा: प्रत्येक वाक्य वेगळं काढून वाचा. वरचं वाक्य झाकलं तरी ‘कोण’ आणि ‘काय’ कळतं का? नसेल, तर तुम्ही जास्त तोडलं आहे.

## ४. शब्दांचे तीन ढीग करा

जड दिसणारा प्रत्येक शब्द बदलायचा नसतो. मी शब्द तीन ढिगांत टाकतो.

पहिला ढीग: सरळ बदला. पर्जन्यवृष्टी म्हणजे पाऊस. सखल भाग म्हणजे खालचा भाग. पशुधन म्हणजे जनावरं. तत्काळ म्हणजे लगेच. स्थलांतरित करणे म्हणजे हलवणे. ‘च्या अनुषंगाने’ आणि ‘प्रशासनास सहकार्य करावे’ पूर्ण गाळा, त्यातून वाचणाऱ्याला कोणतीच माहिती मिळत नाही. ‘करण्यात येणार आहे’ याचं ‘करणार आहेत’ करा. ‘करावे’, ‘करू नये’ यांचं ‘करा’, ‘करू नका’ करा. ‘करावे’ ही अनेकांना विनंती वाटते, केली तर बरं अशी. ‘करा’ मध्ये अनादर नाही, ते आपण रोज वडीलधाऱ्यांशीही बोलतो.

दुसरा ढीग: ठेवा, पण जवळच अर्थ सांगा. क्युसेक हा शब्द या ढिगातला. तो टीव्हीवर, पेपरात येतो, लोक त्यावरून चौकशी करतात, म्हणून काढू नये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. म्हणजे ५,००० क्युसेकला दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चौदा टँकर. हे टँकरचं गणित मी एकदा सूचनेत घातलं होतं. लोकांना ते आवडलं, पण पाणी कितव्या पायरीवर येईल हे त्यातून कळत नाही. आता सूचनेत फक्त ‘आता २,०००, संध्याकाळी ५,०००’ असं लिहितो. वाढतंय हे समजणं पुरेसं आहे. टँकरचं गणित कोणी विचारलं तर वेगळं सांगतो.

आणखी एक गोंधळ इथेच होतो. धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा आणि शहरातल्या होळकर पुलाखालचा आकडा वेगवेगळे असतात, कारण वाटेतले नाले आणि शहरातलं पावसाचं पाणी नदीत मिळतं. दोन्ही आकडे एकाच सूचनेत नुसते ‘विसर्ग’ म्हणून दिले तर लोक एक आकडा खोटा समजतात. ‘धरणातून’ आणि ‘होळकर पुलाखाली’ हे शब्द प्रत्येक आकड्याच्या आधी हवेतच.

तिसरा ढीग: गावातले शब्द. जुने नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. ‘गंगेवर पाणी वाढलंय’ हे फुलवाल्या मावशींना एका क्षणात कळतं, बाहेरच्या भाविकाला नाही. अशा वेळी पहिल्या ओळीत दोन्ही लिहा, ‘गोदाघाटावर (गंगेवर)’, आणि पुढे शेवटपर्यंत एकच शब्द वापरा. शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा आला की लाल शाई मिळायची, ती सवय इथे मोडावी लागते. वर घाट, मध्ये नदीकाठ, खाली गोदापात्र असं लिहिलं तर वाचणाऱ्याला त्या तीन जागा वाटतात.

गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचंही असंच. पुराचं पाणी मारुतीच्या कुठवर आलं, यावरून गावात पूर मोजतात. गुडघा, कंबर, छाती, हे सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून हे माप वापरायला मला आवडतं.

सावधान: मारुतीचं माप फक्त पाहिलेल्या गोष्टीसाठी वापरा, वेळेसकट: ‘दुपारी ४ वाजता पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत होतं.’ ‘कंबरेपर्यंत येईल’ असं भाकीत लिहू नका. क्युसेकवरून ते आपल्याला काढता येत नाही.

दोन उलट्या चुकांबद्दलही सांगायला हवं. एक म्हणजे शुद्ध मराठीच्या आग्रहाने मोबाईलचं भ्रमणध्वनी करणं. मोबाईल सगळ्या वयांना कळतो, तो राहू द्या. दुसरी म्हणजे बोलीभाषेच्या हौसेने ‘सुटतंय’, ‘चाललंय’ असं जोडून लिहिणं. मी हा लेख तसाच लिहितोय, पण सूचनेत तसं लिहीत नाही. ज्याची मराठी दुसरी भाषा आहे, त्याला ‘सुटत आहे’ यातले दोन तुकडे ओळखू येतात, ‘सुटतंय’ ओळखायला वेळ लागतो.

## ५. वेळ आणि आकडे वेगळे तपासा

‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरात एकटे ठेवू नका. बुधवारी लिहिलेलं ‘आज’ गुरुवारी सकाळी कोणाच्या तरी मोबाईलवर पोचतं. सोबत वार आणि तारीख लिहा.

वेळेला सकाळ, दुपार, संध्याकाळ जोडा. ‘रात्री १२’ टाळा, त्यातून कोणती तारीख, यावर वाद होतो. पावणेचार, सव्वापाच हे मोठ्यांना सोपं आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांना अवघड. एकोणसाठ, एकोणसत्तर अक्षरात लिहिलं तर हीच मुलं हमखास चुकतात. अंकात लिहा: ३:४५, ५९.

तपासा: मूळ सूचना आणि तुमचा मजकूर शेजारी ठेवा. मुळातला प्रत्येक आकडा, वेळ आणि ‘नाही’ तुमच्यात आहे का? तुमच्यात एखादा जास्तीचा आकडा तर शिरला नाही ना? माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘दुपारी ३ च्या आत सामान हलवा’ असं आलं होतं. मूळ सूचना ‘तत्काळ’ म्हणते. मी नकळत लोकांना ३ वाजेपर्यंतची सवलत देऊन बसलो होतो.

## ६. जोडून बघा

सगळे टप्पे झाल्यावर आपला नमुना असा होतो:

> गोदाघाटावर (गंगेवर) पाणी वाढणार आहे.
> आज बुधवार, १६ जुलै, दुपारी ३ पासून.
>
> घाटावर तुमचं सामान, गाडी किंवा जनावरं असतील, तर लगेच उंच जागी हलवा. ३ वाजायची वाट बघू नका.
> नदीत उतरू नका. आंघोळीसाठी सुद्धा उतरू नका.
>
> कारण: गंगापूर धरणाच्या वरच्या भागात सतत पाऊस चालू आहे. त्यामुळे धरणात पाणी वाढलं आहे. म्हणून धरणातून नदीत जास्त पाणी सोडणार आहेत.
> आता धरणातून २,००० क्युसेक पाणी सुटत आहे.
> ते दुपारी ३ पासून हळूहळू वाढवणार आहेत. संध्याकाळी ५ वाजता ते ५,००० क्युसेक होईल.

सर्वात लांब वाक्य १२ शब्दांचं आहे. मजकूर मात्र मुळापेक्षा लहान झालेला नाही, थोडा वाढलाच आहे. लहान वाक्यं म्हणजे लहान मजकूर असं धरून छाटत बसलात, तर पुन्हा नळाच्या पाण्यासारखं होईल.

‘उंच जागी’ हे मला अजूनही पुरेसं वाटत नाही. ‘कुठे?’ हा प्रश्न येतोच. पण मूळ सूचनेत जागेचं नाव नसेल, तर आपल्या मनाने शाळेचं किंवा पटांगणाचं नाव घालू नका. सोपं करण्याच्या कामात ही भर बसत नाही.

## ७. पाठवण्याआधी तिघांना ऐकवा

‘कळलं का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. एकदा मोठ्याने वाचा, मोबाईल खाली ठेवा आणि ‘आता तुम्ही काय करणार?’ एवढंच विचारा.

मी हा नमुना तिघांना ऐकवला. भाजीवाले दादा म्हणाले, ‘पाट्या आत्ताच वर नेतो.’ बरोबर. नातू म्हणाला, ‘पाच वाजता पाणी येणार.’ चुकलं. शेवटचा आकडा आणि शेवटची वेळ त्याच्या डोक्यात राहिली होती. मावशींनी विचारलं, ‘तीनला येणार की पाचला?’ म्हणजे दोघांची अडचण एकच. दोन जण एकाच जागी अडखळले की दोष मजकुराचा, हे ठरवून टाका. मी शेवटची दोन वाक्यं अशी बदलली: ‘दुपारी ३ पासूनच पाणी वाढायला लागेल. संध्याकाळी ५ पर्यंत ते वाढत जाऊन ५,००० क्युसेक होईल.’ दुसऱ्यांदा ऐकवल्यावर दोघांनीही तीन वाजता असं सांगितलं.

वेळ फारच कमी असेल, तर तिघांऐवजी एकाला ऐकवा, आणि तो एक म्हणजे ज्याला वाचता येत नाही तो.

## ८. नंतरचा बदल पाठवताना

आकडा पुन्हा वाढला तर जुन्या मजकुरात बदल करून तोच फिरवू नका. दोन्ही मजकूर सारखे दिसतात आणि लोक ‘हे वाचलंय’ म्हणून पुढे जातात. पहिली ओळ नव्या वेळेने सुरू करा: ‘बुधवार, संध्याकाळी ६ ची नवी सूचना.’ मग फक्त जे बदललं ते लिहा, शब्द मात्र पहिल्या सूचनेतलेच वापरा. सकाळी ‘घाट’ लिहिलं असेल तर संध्याकाळीही घाटच. आणि पाणी उतरल्यावर, सोडणं कमी केल्याची सूचना येईल, तेव्हा तीही याच पद्धतीने लिहून पाठवा. ती पाठवायची राहून गेली, तर भाजीवाले दादा दुसऱ्या दिवशीही पाट्या वरच ठेवून बसतात.